तारीख न घातलेला शून्य

मुर्री गावच्या धानाच्या बांध्यांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. दुर्गेश्वरीने स्कूटीची ओली सीट पुसली आणि गोंदियाचा रस्ता धरला. ऑफिसचं कुलूप काढून झाडलोट केली, उदबत्ती लावली, मग कॉम्प्युटर. भोजराजभाऊंच्या इंटरनेट कंपनीत बिलं काढता काढता तिची अकरा वर्षं गेली होती. गिऱ्हाईकाचं नाव विसरेल, नंबर नाही.

आठवडाभर ती दोन याद्या जोडून पाहत होती. एक सर्व्हरची, म्हणजे कोणाकडे काय सुरू आहे. दुसरी बिलांची, म्हणजे कोणाकडून कशाचे पैसे घेतो. नावावरून जोडावं तर एकट्या देवरीत चार भुपेंद्र, म्हणून ग्राहक क्रमांकावरून. अकराशेत त्रेसष्ट जुळेनात. एकेचाळीस जुन्या प्लॅनचे. सगळ्यांसोबत त्यांचाही वेग वाढला, दर मात्र सहा वर्षांपूर्वीचाच. उरलेले बावीस देवरीकडचे दुकानदार, राईसमिलवाले. मिलचे कॅमेरे घरून पाहायला लागतो तो स्टॅटिक आयपी त्यांच्याकडे सुरू होता आणि बिलात त्याची ओळच नव्हती.

"देवरीकडच्या जोडण्या सुकराम लाईनमनच्या," भोजराजभाऊ म्हणाले. "चहापाण्यावर फुकट वाटून राहिला तो. सोमवारपासून येऊ नको म्हणा त्याले."

"थांबा जी. सुरू कोणं केलं ते पाहू द्या."

बावीसही जोडण्यांवर स्टॅटिक आयपी दोन वर्षांपूर्वीच्या एकाच आठवड्यात सुरू झालेला निघाला. तिने कपाटातून फॉर्मांची फाईल काढली. सुकरामच्या तिरक्या अक्षरात प्रत्येकावर लिहिलेलं: तीन महिने फुकट, मग महिन्याला दोनशे. सर्व्हरच्या नोंदीत सुरू करणाऱ्याचं नाव होतं दुर्गेश्वरी. दर शून्य टाकलेला, फुकटचे तीन महिने संपायची तारीख घालायचा 'कुठपर्यंत'चा रकाना रिकामा. शून्याची ओळ बिलावर छापून येत नाही, म्हणून कोणाच्या नजरेस पडली नाही. फुकटचे तीन सोडून एकवीस महिने. ब्याण्णव हजार चारशे.

ही नोंद ऑफिसात तिच्याशिवाय कोणी उघडत नसे. सुकराम दर उन्हाळ्यात देवरीहून तिच्यासाठी तेंदूची पिकली टेंभरं आणायचा, पिशवी टेबलावर ठेवून न बोलता निघून जायचा.

तिने पडदा भाऊंकडे फिरवला.

"हे माह्या हातचं हाय, भाऊ. सुकरामचे फॉर्म बरोबर हायेत. पगारातून कापा."

भोजराजभाऊंनी फॉर्म चाळले.

"अकरा वर्षांत एवढी एकच चूक का?"

"सापडली ती एकच."

त्यांना हसू आलं, पण लगेच आवरलं. "मागचं कोणाले मागायचं नाही. चूक आपली. पुढच्या महिन्यापासून दोनशे लावा, जुन्या प्लॅनवाल्यायलेही महिनाभर आधी सांगा. फोन तुम्हीच करा. शिव्याही तुम्हीच खा."

"हो जी."

तेवढ्यात सुकराम आत आला. "ताई, वायरचा ड्रम पाहिजे." मग तिच्याकडे पाहत, "काऊन, तोंड उतरलं?"

"थंडी हाय."

तिने स्टॉकचं रजिस्टर ओढलं. "किती मीटर?"

"तीनशे लिहा."

तिने तीनशे लिहिले, तारीख घातली आणि सहीसाठी पेन त्याच्यापुढे केलं.