ओट्याखालची काळी पट्टी

कडुबा मिस्त्री बहिणीकडे गेला की आधी भिंतीवर हात फिरवायचा आणि मग बहिणीची खुशाली विचारायचा. चंपाबाई हसायची. "दादा, भिंत काय तुला चहा पाजणार हाय का?" म्हणायची. पण मुकुंदवाडीतलं ते घर त्यानंच बांधलेलं. आयुष्यात त्यानं शहरभर घरं उभी केली, त्यातलं सख्ख्या बहिणीचं हे एकच. मग हात लावल्याशिवाय कसं राहवणार?

अलीकडं मात्र चंपाबाई त्याला पुढच्या खोलीत टेकू देईना. आला की "आत चल, वारा लागतो" म्हणून थेट स्वयंपाकघरात न्यायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कडुबानं काम सोडलं होतं. बहीण आपली काळजी घेते असं समजून तो बिचारा आत जाऊन बसायचा. म्हातारपणी माणूस लाडाला लवकर फसतो.

त्या रविवारी त्याचा चष्मा पुढच्या खोलीतल्या कपाटामागे पडला. चंपाबाई "थांब, मी काढते" म्हणत धावली, तोवर त्यानं कपाट ओढलंही होतं. मागची भिंत बघून तो जागच्या जागी उभा राहिला.

गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत कुणीतरी टाइल्स चिकटवल्या होत्या. ओल त्यांच्यामागून चढून वर निघाली होती. कमरेच्या उंचीवर, रेघ मारल्यासारखा सरळ, काळपट डाग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. रंग फुगला होता, गिलावा बोट लावताच भुसभुशीत होऊन गळत होता आणि त्यावर पांढरा लोणा फुलला होता.

"चंपे, हे कवापासून?"

चंपाबाई पदर चाचपत राहिली. शेवटी तिचा मुलगा राजेंद्र बोलला. वाळूजच्या कंपनीत कामाला जाणारा, सरळ पोरगा. "मामा, राग मानू नका. दोन पावसाळे झाले. ओल काढणाऱ्या एकाला दाखवलं. तो म्हणला, या घराला डीपीसीच टाकलेली नाय. सगळ्या भिंतींना खालून भोकं पाडून औषध भरावं लागंल. आईनं तुमाला सांगू दिलं नाय."

"तुला वाईट वाटंल म्हणून," चंपाबाई पुटपुटली.

दुसरं कुणी असतं तर कडुबानं त्याला उभं चिरलं असतं. मिस्त्रीला 'डीपीसी टाकली नाय' म्हणणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. जमिनीत ओल असतेच, आणि इथली काळी माती तर पाऊस सरल्यावरही पाणी धरून बसते. विटा आणि त्यांच्यामधला मसाला दिसायला भरीव, पण आत केसाहून बारीक छिद्रं असतात. वातीतून तेल चढावं तसं पाणी त्यातून वर चढतं. चढताना क्षार आणतं, स्वतः वाऱ्यावर उडून जातं आणि क्षार भिंतीवर ठेवून जातं. म्हणून जोतं झालं की पहिली वीट बसायच्या आधी भिंतीच्या पुऱ्या रुंदीत काँक्रीटचा घट्ट थर देतात, त्यात पाणी अडवणारी पावडर कालवतात, आणि थर सुकला की वरून कढतं डांबर फासतात. हीच डीपीसी. पाणी तिथवर येतं आणि अडतं. वर विटा चढल्या की मात्र तो थर पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. तो आहे की नाही, हे टाकणाऱ्यालाच ठाऊक.

आणि कडुबाला ते ठाऊक नव्हतं. जोतं पुरं झालं तेव्हा डिसेंबर लागला होता. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर जायचं कधी चुकलं नव्हतं. तो गेला, चंपाबाई गेली, घरातली सगळीच गेली. मागं राहिला त्याचा कामातला जोडीदार गोकुळ. हाताचा सफाईदार, पण स्वभावाचा उतावीळ. परत येऊन बघतात तो विटा कंबरेपर्यंत चढलेल्या. "डीपीसी?" कडुबानं विचारलं. "झाली ना," गोकुळ म्हणाला. तेवढ्यावरच राहिलं. गोकुळला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

'गोकुळ्यानं माझ्या बहिणीच्या घरात मला फसवलं?' कडुबाच्या मनात आलं. मेलेल्या मित्रावर रागावताही येईना. तो उठला आणि गुडघा धरत घरभर भिंती चाचपत फिरला. मागची भिंत कोरडी खडखडीत. बाजूच्या दोन्ही तशाच. स्वयंपाकघराची आतली भिंतही कोरडी.

"राजेंद्रा," तो दारातून ओरडला, "डीपीसी नसती तर ओल काय फकस्त पुढच्या भिंतीवर रुसली असती व्हय? सगळीकडं चढली असती!"

तो बाहेर आला आणि त्याची नजर ओट्यावर गेली. पुढच्या भिंतीला लागून, तिच्या पुऱ्या लांबीचा, शहाबादी फरशीचा ओटा. चंपाबाईचं लई कौतुकाचं काम. संध्याकाळी गल्लीतल्या बाया तिथं बसायच्या, निवडणं-टिपणं आणि जगाचे निकाल लावणं तिथंच चालायचं. भावाला कष्ट नको म्हणून, ओल दिसायच्या वर्षभर आधी, तिनं तो दुसऱ्याच मिस्त्रीकडून बांधून घेतला होता, आणि रोज सकाळी बादलीभर पाण्यानं धुवायची.

"चंपे, ह्यात भर कसली?"

"मुरूम. चांगला दाबून भरलाय."

"भिंतीला चिकटवून?"

"मग काय हवेत लोंबकळत ठेवायचा?"

कडुबा हसला नाही. त्याला अजून खात्री हवी होती. छिन्नी-हातोडा राजेंद्रनं घेतला. कडेची फरशी निघाली, ओला मुरूम हातानं उपसला. मुरमाची भर जोत्याच्या बरीच वर, थेट उघड्या विटांना भिडलेली होती. राजेंद्र खाली खरवडत गेला. विटांची शेवटची रांग संपली, आणि तिच्या नि दगडी जोत्याच्या मधे काळी पट्टी दिसली. डांबर अजून चकचकीत होतं. खालचा थर खिळा मारला तरी टवका देईना.

कडुबा तिथंच मातीत बसला. त्यानं पट्टीवर अंगठा फिरवला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"टाकली व्हती रे. गोकुळनं टाकली व्हती."

चंपाबाईला काहीच कळेना. "मग ओल आली कुठनं?"

"तुझ्या ओट्यातनं, बाई. पाणी खालनं येतंय, ते पट्टीपाशी थांबतंय. तू मुरूम पट्टीच्या वर नेऊन भिडवलास. पाणी मुरमातनं वर चढलं आन् पट्टीच्या डोक्यावरनं भिंतीत घुसलं. वरनं रोज बादली हायेच!"

चंपाबाईनं कपाळावर हात मारला. मग तिला भयंकर हसू आलं. गल्लीचा ओटा आपणच मोडायचा, आणि तोही स्वतःच्या हौसेनं बांधलेला! पण तिची काळजीही त्याच हसण्यात निघून गेली. भोकं नको, औषध नको, आणि भावाचं काम पक्कं. "मोड रे," ती राजेंद्रला म्हणाली, "सगळा मोड. बाया खुर्च्या घेऊन येतील."

कडुबानं सगळं सांगून ठेवलं. मुरूम पट्टीच्या वीतभर खाली आणायचा. आतल्या टाइल्स आणि लोणा लागलेला गिलावा डागाच्याही वरपर्यंत काढून विटा उघड्या ठेवायच्या, आणि उन्हाळाभर भिंत वाळू द्यायची. गिलाव्याची घाई करायची नाही. ओटा हवाच असेल तर भिंतीपासून सुटा, मधे फट ठेवून.

जेवायला थांब म्हणाली तरी तो थांबला नाही. रिक्षा करून छावणी भागात गोकुळच्या घरी गेला. गोकुळची बायको द्वारकाबाई दारातच तांदूळ निवडत होती.

"जय भीम, वहिनी. चंपीच्या घराची डीपीसी बघून आलो. गोकुळनं झकास टाकलीय."

"आता बघितली व्हय?" द्वारकाबाई हसली. "तुमी समदे दादरला गेल्ता तवाच टाकली की त्यांनी. डांबर सांडून मनगट भाजलं व्हतं. तो डाग मरंपर्यंत तसाच राह्यला."

तो डाग कडुबानं रोज पाहिला होता. शेजारी बसून कितीदा डबा खाल्ला, बिडी पेटवून घेतली, पण तो कशाचा हे एकदाही विचारलं नव्हतं. तो पायरीवर बसला. द्वारकाबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.