साडेतीनशे फुटांवर थांबायचं

आमच्या गल्लीत तिला सगळे थांबावहिनी म्हणतात. तिच्या तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. माझं जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरायचं दुकान आणि तिचं पंपाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. तीही पत्र्याची, त्यामुळे तिकडचं बोलणं ऐकायला मला कान टवकारावे लागत नाहीत.

बोअर घ्यायचं म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फुटाला काय भाव?" वहिनी भाव सांगायच्या आधी उलट विचारते, "पाणी नाही लागलं तर कुठे थांबायचं?" माणूस बिचकतो. शुभकार्याला निघालेल्याला अपघाताचं विचारावं, तसं त्याचं तोंड होतं. मग ती त्याला खुर्चीत बसवते आणि सगळं उलगडून सांगते. पहिल्या तीनशे फुटांना शंभर रुपये फूट. पुढच्या शंभराला एकशे दहा, त्याच्या पुढच्या शंभराला एकशे तीस, मग एकशे साठ, मग दोनशे. खोल जावं तसा भाव चढतो. वरची माती ढासळू नये म्हणून कठीण खडक लागेपर्यंत केसिंग पाइप घालायचा, त्याचा फुटाला चारशे वेगळा. पंप, पाइप, केबल, पॅनेल वेगळं, विजेचं कनेक्शन वेगळं. आणि भोक कोरडं गेलं तरी मशिनवाला खणल्याचे आणि केसिंगचे पैसे पुरते घेणार, कारण त्याने फूट विकलेत, पाणी विकलेलं नाही.

तिचा नवरा, आमचे मित्र, मशिन गाठून द्यायचं आणि जागेवर उभं राहायचं काम बघतात. माणूस गोड. चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही आणि चहाचे पैसे तुम्हालाच द्यायला लावणार.

वहिनीची धाकटी बहीण रोपवाटिका चालवते. टँकरच्या पाण्यावर रोपं जगवून ती मेटाकुटीला आली होती. एक लाख ऐंशी हजार साठवून ती ताईकडे आली.

"ताई, एवढ्यात होईल का गं?"

वहिनीने कॅल्क्युलेटर ओढला. साडेतीनशे फूट खणायचे साडेपस्तीस हजार. साठ फूट केसिंगचे चोवीस. पंप आणि त्याचं सगळं लटांबर बेचाळीस. विजेचे पंधरा.

"एक लाख साडेसोळा हजार," बहीण हरखून म्हणाली. "म्हणजे उरतात की."

"ते उरलेले नाहीत. ते दुसऱ्या भोकाचे आहेत," वहिनी म्हणाली. "तुमच्या बाजूला दहात तीन कोरडी जातात. पहिलं कोरडं गेलं तर साठेक हजार पाण्यात, म्हणजे पाण्याविना. तेवढे बाजूला ठेवूनच पहिलं घ्यायचं. आणि साडेतीनशेला थांबायचं. तिथे ज्यांना पाणी लागलं त्यांना त्याच्या आतच लागलंय. सातशे फुटांचं एक भोक आणि साडेतीनशेची दोन, खर्च जवळपास तेवढाच. पण दोन घेतलीस तर दोन जागा बघून होतात."

"म्हणजे काहीही झालं तरी थांबायचं?"

"काहीही झालं तरी. देवाने येऊन सांगितलं तरी."

देव आला नाही, भावोजी आले. मशिन लागलं त्या दिवशी कंपनीचा माल उतरणार होता, म्हणून वहिनी दुकानातच थांबली आणि नवऱ्याला तिकडे पाठवलं. संध्याकाळी तो आला तो थेट आत गेला. बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चपलांवर, ओढणीवर, पापण्यांवरसुद्धा दगडाची पांढरी पूड. मी पत्र्याशेजारी तार गुंडाळत बसलो होतो, पण तिचा आवाज ऐकून हातातलं काम टाकून त्यांच्या दारात गेलो.

"सातशे फूट गेले ताई. ठणठणीत कोरडं," ती म्हणाली. रडत नव्हती. "एक लाख चौदा हजार दिले. सहासष्ट उरले. त्यात दुसरं भोक होईल, पण पंप कशाने घेऊ? लाइट कशाने घेऊ? तू पुढे जा का म्हणालीस?"

वहिनी खुर्चीतून उठली. "मी कधी म्हणाले?"

"साडेतीनशेला मी हात करून थांबवलं होतं. भावोजी म्हणाले, थांब, तुझ्या ताईलाच विचारतो. मशिनच्या आवाजात काही कळेना म्हणून कुंपणापर्यंत जाऊन फोन लावला. परत येऊन म्हणाले, ताई म्हणतेय ओल दिसत असेल तर सोडू नका. आणि पूड ओली होती गं, त्यांनी तळहातावर घेऊन दाखवली."

"धूळ उडू नये म्हणून मशिनवाले हवेबरोबर पाणी सोडतात. त्याची ओल ती." वहिनी आतल्या दाराकडे वळली. "अहो, बाहेर या."

आमचे मित्र आले. तोंडावर नुकतंच पाणी मारलेलं.

"मला फोन आला होता का तुमचा?"

"अगं, दगड मऊ लागत होता. मला वाटलं अजून पन्नास फुटांत लागेल. चांगल्यासाठीच केलं ना मी? लागलं असतं तर हिनेच पेढे वाटले असते."

"फुटाला किती मिळतात तुम्हाला?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी कशाला मदत करतोय.

"मशिनवाल्याकडून फुटाला किती?" तिने पुन्हा विचारलं.

"दहा. सगळेच घेतात."

साडेतीनशे जादा फुटांचे साडेतीन हजार. एवढ्यासाठी या माणसाने मेव्हणीच्या पंपाचे आणि लाइटचे पैसे घालवले, आणि तेही बायकोच्या तोंडचा शब्द विकून. मला त्याची मनापासून किळस आली. वीस वर्षं मी त्याचा चहा प्यायलोय, तोही आठवला.

बहिणीने त्याच्याकडे पाठ केली. ती ताईला म्हणाली, "त्यांच्या नावावर मी एक फूटही पुढे गेले नसते. तुझं नाव घेतलं म्हणून हो म्हणाले." आणि निघाली. वहिनी तिच्यामागे पायरीपर्यंत गेली, "पंप माझ्याकडचा ने, पैशांचं बघू," म्हणाली. बहिणीने मान हलवली, ती नको म्हणून.

त्यानंतर वहिनीचा हिशेब बदलला. केसिंग, पंप, वीज, कोरड्या भोकाची जोखीम, सगळं सांगून झालं की ती आणखी एक आकडा सांगते, "आणि फुटाला दहा रुपये दलाली. ती या भावातच आहे आणि आमच्याच घरात येते. म्हणून मशिन थांबवायला यांच्यावर विसंबू नका, तुम्ही स्वतः उभे राहा." नवरा शेजारच्या खुर्चीत असला तरी सांगते. तो हल्ली त्या खुर्चीत बसत नाही. पण तिला जे लागलं ते दलालीचं नव्हतं. इतकी वर्षं ती लोकांना पै न् पैचा खर्च सांगत होती आणि घरातलाच एक तिला माहीत नव्हता.

पावसाळ्यानंतर बहीण माझ्याकडे आली. जुनाच पंप कोणाकडून तरी घेतला होता, मोटार जळलेली. भरून द्या म्हणाली. शेजारच्या दुकानाकडे तिने बघितलंही नाही. दुसरं भोक घेतलं होतं, दोनशे ऐंशीला पाणी लागलं. हिशेब बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून काढून घेतला होता.

ती गेल्यावर वहिनी माझ्या दारात आली. पत्रा दोन्हीकडून सारखाच पातळ.

"लागलं का पाणी?"

"लागलं. अडीच इंची धार आहे म्हणाली."

वहिनीने मोटारीच्या जळक्या तारांना बोट लावून बघितलं. "नसतं लागलं तर कुठे थांबणार होती? विचारलंत का?"

विचारलं होतं. "साडेतीनशेला," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आपल्या दुकानात जाऊन बसली.