दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ

गाणं लिहिणारे दोघंही माझ्या स्टुडिओत बसले होते, आणि दोघांच्या मोबाईलमध्ये एकाच कडव्याचे दोन वेगळे मजकूर होते. रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत संपवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवर त्यांच्या गावाचं धरणं आंदोलन होतं आणि हे गाणं तिथं वाजायचं होतं.

माझा स्टुडिओ उमरग्यात आहे. एक खोली, भिंतींना फोम, एक कॉम्प्युटर, दोन माईक. भजनी मंडळं, लग्नातली गाणी, निवडणुकीच्या रिक्षांचे प्रचार, असं सगळं माझ्याकडं येतं. आवाज नीट घेणं एवढंच माझं काम, पण गाणं लिहून आणणारे शब्दांवरनं भांडायला लागले की तेही माझ्याच गळ्यात पडतं.

महादेवअण्णा शेजारच्या गावातले भजनी, पेटी वाजवतात. रेखा त्याच गावातली, इथं एका दवाखान्यात औषधं देते. रस्ता रुंद झाला आणि गाव एका बाजूला, शेतं दुसऱ्या बाजूला गेली. खालून जायला बोगदा किंवा वरून पूल मिळेल असं सांगितलं होतं, तो झाला नाही. बाया दुभाजकातल्या फटीतनं पलीकडं जातात. रेखाची आई गंगूबाई तिथंच ट्रकखाली गेली. त्यानंतर रेखानं आणि अण्णांनी मिळून हे गाणं लिहिलं. मागच्या वर्षी अण्णांची बायको कलावती त्याच फटीपाशी गेली. मधल्या काळात दोघांनी आपापल्या मोबाईलवर दुसरं कडवं बदललं होतं. एकमेकांना न सांगता.

मी आधी मूळ कडवं मागितलं. दोन बदललेले मजकूर समोर ठेवून तुलना केली तर नुसता फरक दिसतो, कुणी काय बदललं ते दिसत नाही. ते मूळ पाहिल्यावरच कळतं. रेखाकडं जुना मेसेज होता. मी तो स्क्रीनवर मध्यभागी टाकला.

रस्ता झाला चौपदरी
शेत पलीकडं राही
भाकरी घेऊन गेली
माघारी आलीच नाही

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे ‘रस्ता’ची दोन. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं पाहिजे. अक्षर वाढलं की ओळ ठेक्यातनं बाहेर पडते आणि गाणाऱ्याची ओढाताण होते.

रेखानं एकच ओळ बदलली होती. तिसरी: ‘भाकर घेऊन गंगू’. अण्णांनी तीन बदलल्या होत्या. दुसरी ‘पूल कागदात राही’, तिसरी ‘चिरडून गेल्या बाया’, चौथी ‘कुणाला लाजच नाही’. मी सगळ्या ओळी मोजल्या. आठच्या आठ. म्हणजे ठेक्याच्या कारणानं कुणाचीच ओळ बाद होत नव्हती.

पहिल्या ओळीला कुणी हात लावला नव्हता, ती राहिली. दुसरी आणि चौथी फक्त अण्णांनी बदलली होती. रेखाची तिथं काही तक्रार नव्हती. सरळ हिशेबानं त्या दोन अण्णांच्या घ्यायच्या आणि भांडण फक्त तिसऱ्या ओळीपुरतं उरतं.

“मग तिसरी माझी ठेवा,” रेखा म्हणाली. “बाकी अण्णांच्या घ्या.”

मी तसं जोडून वाचून दाखवलं.

रस्ता झाला चौपदरी
पूल कागदात राही
भाकर घेऊन गंगू
कुणाला लाजच नाही

रेखाचीच ओळ अधांतरी राहिली. गंगू भाकर घेऊन निघाली आणि पुढं तिचं काय झालं ते कडव्यात उरलंच नव्हतं. तिसरी ओळ चौथीवर टेकलेली होती, म्हणून त्या दोन्ही एकाच्याच घ्यायला हव्यात. आणि दुसऱ्या ओळीतनं शेत गेलं, मग बाई भाकर घेऊन रस्ता ओलांडते कशाला, हेही ऐकणाऱ्याला कळत नाही. ज्या ओळीवर कुणाचंच भांडण नव्हतं, तिनंच कडवं मोडलं होतं.

“मग सगळं माझंच घ्या की,” अण्णा म्हणाले. “रडगाणं लई झालं. तिथं साहेब लोक येणार. त्यांना टोचलं पायजे.”

“चिरडून हा शब्द मी म्हणणार न्हाय,” रेखा म्हणाली.

“खोटा हाय का?”

“खोटा न्हाय. अण्णा, तुम्ही नंतर आला होता. मी आदी पोचले होते. माझ्या ओढणीनं मीच झाकलं आईला. तो शब्द लाऊडस्पीकरवर मला ऐकवू नका.”

अण्णांनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला आणि काढला.

“आन नाव एकीचंच का?” ते म्हणाले. “मेल्यात दोघी.”

“मग काकूंचं बी घाला. मी कवा नको म्हणाले?”

“नको.”

“का नको?”

मी माईक बंद आहे ना, ते पाहून घेतलं.

“नाव नको, आन ती भाकरीची ओळ बी नको,” अण्णा म्हणाले. “म्या शेतात होतो त्या दिशी. घरी येऊन जेवतो म्हनलं असतं तर झालं असतं. म्या फोन करून भाकर मागवली. ती माझी भाकर होती, पोरी. ही ओळ लिवली तवा आपण तुझ्या आईची म्हणून लिवली. आता म्हणायला गेलो की मला माझंच ऐकू येतं.”

रेखानं मान खाली घातली. मला वाटलं होतं, अण्णांना शब्द जास्त धारदार हवेत म्हणून ते भांडतायत. त्यांना ती ओळ फक्त नजरेआड करायची होती.

मी म्हणाले, “अण्णा, नवीन ओळ लिहू या. दोघांचीही नको.” आम्ही प्रयत्न केला. ‘सकाळी निघून गेली’ असं काहीतरी जुळलं. आठ अक्षरं बरोबर बसली. पण अण्णांनी ती एकदा पेटीवर म्हटली आणि स्वतःच थांबले.

“ही कुणाची बी बाई हाय,” ते म्हणाले. “बाजाराला चाललेली.”

थोड्या वेळानं तेच म्हणाले, “जुनंच ठेवा.”

“अण्णा, तुम्हाला म्हणवंल का?” रेखानं विचारलं.

“मला न्हाय म्हणवत. तू म्हण.”

जुन्या ओळीत नाव नव्हतं, म्हणून ती दोघींची झाली. त्यात ‘चिरडून’ नव्हतं. मूळ कडवं जसंच्या तसं राहिलं. अण्णांच्या दोन ओळी फेकायच्या नव्हत्या, त्या चांगल्या होत्या. त्यांच्यासाठी पुढं वेगळं कडवं केलं.

मोजणी झाली दोनदा
पूल कागदात राही
आले नि गेले साहेब
कुणाला लाजच नाही

दोन कडव्यांना एकच यमक आलं. वाचताना खटकलं असतं, गाताना चालून जातं. ते कडवं अण्णांनी म्हटलं.

दुसऱ्या कडव्याचा टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, पहिल्याच प्रयत्नात नीट आला. फक्त तिसऱ्या ओळीला पेटी थांबली. रेखा पेटीशिवाय पुढं म्हणत गेली आणि चौथ्या ओळीला पेटीचा सूर परत आला. अण्णांनी पुन्हा वाजवायची तयारी दाखवली. मी नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाणं वाजलं. अधिकारी आले, निवेदन घेऊन गेले. फटीजवळ ‘सावकाश’ अशी पाटी लागली. पूल झालेला नाही. लोकांनी मोबाईलवर फिरवताना लाज नाही म्हणणारं कडवंच कापून घेतलं, भाकरीचं मागं राहिलं. अण्णांनी शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलंय. ते आता रस्ता ओलांडत नाहीत.

दोन लिहिणारे एका कडव्यावर अडले, तर मी अजूनही मूळ मागते, अक्षरं मोजते, कुठली ओळ कुणावर टेकलीय ते बघते. पण आता ओळ का बदलली, ते प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारते. अण्णांसारखी दुसऱ्यासमोर ते सांगायची पाळी कुणावर येऊ नये.