परक्या घरातली साखर

ड्रायव्हर सुतारबुवांना किती ओळखत होता? खरं सांगायचं तर फारच थोडं. कित्येक वर्षं दोघं एकाच केबिनमध्ये बसले, एकाच डब्यातलं जेवले, तरी बुवांची मुलं काय शिकतात, बुवा घरी हसतात का चिडतात, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. बुवा गेल्यावर लोक म्हणाले, "तुम्ही बोला चार शब्द, तुम्ही तर रोजचे बरोबरचे." ड्रायव्हर उभा राहिला, घसा खाकरला आणि पुन्हा खाली बसला. सांगण्यासारखी त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, शेवटच्या प्रवासाची. ती चार शब्दांत मावणारी नव्हती.

दोघांचं काम लोकांची घरं हलवण्याचं. ड्रायव्हर ट्रक चालवायचा. बुवा एका गावात पलंग, कपाटं, टेबलं सुटी करायचे आणि दुसऱ्या गावात पुन्हा उभी करायचे. खोकी बांधायचेही तेच. त्यांचा एक नियम होता. बांधलेलं खोकं वाटेत उघडायचं नाही, मग आत काहीही वाजो. "दुसऱ्याचं घर आहे ते," ते म्हणायचे. "आपण नुसती चाकं."

बुवांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी आणि संध्याकाळी, जेवणाआधी, ते पोटात इन्सुलिन घ्यायचे. पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन. तळहातांमध्ये ते लाटल्यासारखं फिरवायचं, खालीवर करायचं, आतलं औषध दुधासारखं एकसारखं झालं की नवी सुई लावायची, दोन युनिट हवेत उडवून थेंब येतो का पाहायचा, मग टोचायचं आणि दहा आकडे मोजून सुई काढायची. हे सगळं ड्रायव्हरला बघून बघून पाठ झालं होतं. बुवा टोचायचे मात्र नेहमी एकाच जागी, बेंबीच्या डाव्या बाजूला. तिथे लिंबाएवढा फुगवटा आला होता.

"बुवा, रोज तिथंच काय भोसकता? दुसरीकडे पोट नाही का?"

"इथं दुखत नाही रे. वाट पडलीये."

"स्क्रू एकाच भोकात दोनदा मारला तर धरत नाही म्हणून मला शिकवता, आणि स्वतः?"

"माझं पोट काय सागवानी आहे?" म्हणून बुवा शर्ट खाली ओढायचे. विषय तिथेच संपायचा.

तो प्रवास भर उन्हाळ्यातला होता आणि तीन दिवसांचा. एका कुटुंबाचं सगळं घर ट्रकमध्ये होतं, कुटुंब आगगाडीने पुढे गेलं होतं. वाटेत ना झाड, ना वस्ती. केबिनमध्ये दुपारी स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसायचा. बुवांजवळ दोन पेनं होती. वापरातलं पेन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या टॉवेलात गुंडाळलं होतं आणि वाऱ्याला येईल असं सीटमागच्या खिळ्याला टांगलं होतं. पाणी उडून जाताना गारवा देतं, एवढं साधं शास्त्र. दुसरं, न उघडलेलं पेन थंड पाण्याच्या थर्मासमध्ये होतं.

"मागे एवढा मोठा फ्रीज आहे आपल्याकडे," ड्रायव्हर म्हणाला.

"हो, आणि तू त्याला वायर लावून सायकलचं पायडल मार. मी झोपतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका टपरीवर थांबले. थर्मासमधलं पाणी कोमट झालं होतं. बुवांनी टपरीवाल्याकडे ते पेन दिलं आणि "जरा थंड जागी ठेवा" असं सांगून दोघं जेवले, सावलीत पडले. उठून पेन मागितलं तेव्हा टपरीवाल्याने ते मोठ्या अभिमानाने बर्फाच्या पेटीच्या तळातून काढून दिलं.

"तुम्ही थंड म्हणालात. म्हटलं, कडक थंड करू."

आत औषध गोठलं होतं. उन्हात धरल्यावर वितळलं, पण कितीही फिरवलं तरी आतले पांढरे कण एकजीव होईनात. बुवांनी ते बराच वेळ हातात धरलं. मग कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"गोठलेलं चालत नाही," एवढंच म्हणाले.

ट्रककडे आले तर आणखी एक दणका. काचा बंद करून ट्रक उन्हात उभा होता. खिळ्यावरचा टॉवेल कडकडीत वाळला होता आणि आतलं पेन हाताला गरम लागत होतं. फिरवलं तर औषध दुधासारखं एकसारखं झालं. पण तापून कस गेलेलं औषधसुद्धा कधीकधी तसंच दिसतं, हे बुवांना माहीत होतं. आता त्यांच्याजवळ तेवढं एकच पेन होतं, आणि ते जिवंत आहे का मेलंय हे सांगायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी साखर मोजली. तीनशे ऐंशी. डाव्या फुगवट्यात नेहमीपेक्षा चार युनिट जास्त घेतलं. सकाळी मोजली तर चारशे वीस. रात्रभर ते उठून उठून बाहेर गेले होते, उठून उठून पाणी प्यायले होते. तोंड कोरडं, पोटात ढवळत होतं. विनोद केव्हाच बंद झाले होते. वाटेत लागलेल्या पहिल्या गावातल्या औषधवाल्याने नुसती मान हलवली. "शहरात मिळेल." शहर म्हणजे जिथं सामान उतरवायचं तेच. अर्ध्या दिवसाची वाट.

काहीतरी केलं पाहिजे म्हणून ड्रायव्हरने केबिनमधली साखरेची पुडी, बिस्किटं, बुवांच्या खिशातल्या गोळ्या, सगळं गोळा करून रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांना देऊन टाकलं.

"अरे, त्या गोळ्या राहू दे. साखर उतरली तर लागतात."

"उतरली तर? चारशे वीस झालीये, बुवा! विष आहे ते तुम्हाला."

बुवांच्या अंगात भांडायची ताकद नव्हती. त्यांनी घरी फोन लावला आणि आवाज मोठा करून ड्रायव्हरच्या हातात दिला. साखरेचा आकडा ऐकताच पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते अजून त्या गाठीतच टोचतात ना? दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, तिथलं मांस निबर झालंय, औषध अंगात जात नाही, जागा बदला म्हणून. ह्यांनी काय केलं? औषधच वाढवत नेलं."

"त्या आणखीही काहीतरी म्हणाल्या होत्या," बुवा पुटपुटले.

"काय?"

"आठवत नाही."

ट्रक कडेला घेऊन ड्रायव्हर म्हणाला, "आता माझ्यासमोर घ्या. मांडीत." बुवांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मऊ कातडीत सुई लावली. टोचल्यावर ते कळवळले. किती वर्षांनी दुखलं असेल कुणास ठाऊक. युनिट मात्र तेवढेच होते, आदल्या संध्याकाळी वाढवलेले. वरून दोन घास खाल्ले आणि तेही ओकून टाकले.

ट्रक पुन्हा चालू लागला. ऊन चढलं. बुवा दाराला डोकं टेकवून झोपले आणि ड्रायव्हरला बरं वाटलं. बिचाऱ्याला रात्रभर झोप नव्हती. बऱ्याच वेळाने एका वळणावर खड्डा चुकला नाही, मागे काहीतरी धाडकन वाजलं. एरवी बुवांनी त्याचा उद्धार केला असता. आज हूं की चूं नाही.

"बुवा, शिव्या तरी द्या."

त्याने खांद्याला हात लावला. एवढ्या उन्हात बुवांचा शर्ट चिंब भिजला होता आणि अंग गार पडलं होतं. डोळे अर्धे उघडे. हात थरथरत होते. ड्रायव्हरने ट्रक थांबवला, साखर मोजायचं यंत्र काढलं. बुवांचं बोट टोचलं.

एक्केचाळीस.

त्याने आकडा दोनदा वाचला. मग केबिन धुंडाळली. सीटखाली, समोरच्या कप्प्यात, चटईखाली. गोडाचा कण नव्हता. त्यानेच सगळं वाटून टाकलं होतं. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा. एक मोटार हात दाखवूनही थांबली नाही.

"बुवा, स्वयंपाकघराची खोकी कुठे भरलीत? बुवा!"

बुवांची जीभ जड झाली होती. "उघडायचं... नाही," ते म्हणाले.

"गेलं उघडायचं! कुठं आहेत?"

"पलंगामागं."

पलंग अगदी आत होता. ड्रायव्हरने मागचं फाटक सोडलं आणि लोकांचं घर रस्त्यावर काढायला सुरुवात केली. गाद्या फेकल्या. खुर्च्या फेकल्या. फ्रीज एकट्याने हलेना तेव्हा त्याच्यावरून चढून पलीकडे उडी मारली, पलंगाच्या फळ्यांमध्ये पाय अडकला, सोलला. पहिलं खोकं फाडलं तर काचेची भांडी. दुसऱ्यात पुस्तकं. तो मोठ्याने रडत होता आणि ते त्याचं त्याला कळतही नव्हतं. तिसऱ्यात डबे होते. मीठ, डाळ, चहा, आणि शेवटी पांढरी साखर, डब्याला कुणाच्या तरी हाताने दोरा बांधलेला.

त्याने बुवांना सरळ बसवलं, भांड्यात पाणी घेऊन साखर कालवली, आधी थेंबभर ओठांवर लावली. बुवांनी गिळलं. गिळतायत हे पाहूनच त्याने पुढचा घोट दिला. ठसका लागू नये म्हणून थांबून थांबून. मग तो नुसता बसला. पाव तास एवढा लांब असतो हे त्याला त्या दिवशी कळलं. पुन्हा मोजली, अठ्ठावन्न. पुन्हा साखरपाणी. हळूहळू बुवांच्या डोळ्यांत माणूस परत आला. त्यांनी रस्त्यावर पसरलेल्या गाद्यांकडे पाहिलं.

"हे काय केलंस?" ते म्हणाले आणि तेही रडायला लागले.

गाद्या-खुर्च्या कशाबशा आत कोंबून ट्रक निघाला, पण शहरात पोचेपर्यंत साखर पुन्हा दोनदा खाली आली. त्या औषधात लगेच लागू पडणारं आणि लांब चालणारं असं दोन्ही असतं, त्यातला लांब चालणारा भाग अजून अंगात काम करत होता. ड्रायव्हरने ट्रक थेट दवाखान्यासमोर उभा केला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली, पेन पाहिलं आणि म्हणाल्या, "इन्सुलिन ठीक असणार, नाहीतर साखर एवढी पडली नसती. गाठीतून ते लहर येईल तसं शोषलं जातं, म्हणून तुम्ही वाढवत गेलात. चांगल्या जागी टोचायचं तर युनिट कमी करायचे असतात, आणि तेही विचारून. उन्हाने ते आणखी पटकन भिनलं, वरून पोटात अन्न नाही. आता गाठीला महिनोनमहिने हात लावायचा नाही. आज पोटाची उजवी बाजू, मग मांडी, आणि मागच्या टोचण्यापासून बोटभर तरी लांब. पेन मात्र आता नवंच वापरा, तापलेल्यावर भरवसा नको."

बुवांनी मान हलवली. बहुधा घराकडच्या दवाखान्यातल्या बाईंचं ते विसरलेलं वाक्य त्यांना आता आठवलं असावं.

त्यांना तिथे ठेवून घेतलं. त्यानंतर वहिनींनी त्यांना ट्रकवर पाठवलं नाही. ते घराजवळच्याच एका कारखान्यात खुर्च्या जोडू लागले. ड्रायव्हर भेटायला जाईन जाईन म्हणत राहिला, आणि काही वर्षांनी बातमीच आली.

बुवांना दवाखान्यात ठेवलं त्या संध्याकाळी सामानवाले फोनवर फोन करत होते. हाताला सलाईन लावलेले बुवा खाटेवर पडले होते. ड्रायव्हर दारातच उभा होता.

"निघतो, बुवा. लोक खोळंबलेत."

"जा."

"फोडलेल्या खोक्यांचं काय सांगू?"

"झालं ते सांग. काचेचं फुटलंय का बघ आधी."

"बघतो."

"आणि पलंग पहिला उभा कर. दमून आली असतील माणसं."

"करतो. जेवलात का तुम्ही?"

"आणतायत. तू जा."