वळूचा माणूस

गावच्या गाई फळवायला येत त्या काकांच्याच वळूकडे. वासरू असताना काकांनी त्याला बाटलीने दूध पाजलं, कपाळ खाजवून खाजवून टक्कर खेळायला शिकवलं. तिथेच घोडं पेंड खात होतं. माणसांत वाढलेला वळू माणसाशीच बरोबरी करतो. आता तो दुसऱ्या कुणाला गोठ्यात पाऊल टाकू देईना, आणि काकांना लेकीच्या घरी जाणंही मुश्कील झालं.

मध्यंतरी त्याला ताप आला आणि गाई गाभण न राहता उलटू लागल्या. डॉक्टरांनी वीर्य तपासलं. "तापाने कमजोर झालंय. दोन महिने गाय दाखवू नका. सावलीत ठेवा, खुराक बेताचा द्या, चरबी चढू देऊ नका."

दोन महिने मोकळीक! चारा शेजारी कुंपणावरून टाकतील म्हणत काकींनी लेकीकडे जायला लगेच पिशव्या भरल्या.

निघताना पाणी ठेवायला काका एकटेच आत गेले. वळूने मान आडवी करून माती उकरली. काका झटकन कोपऱ्यात रोवलेल्या लोखंडी पाइपांच्या आड शिरले. माणूस मावेल, वळू नाही, एवढीच ती फट. वळू समोर ठाण मांडून उभा राहिला.

"अहो, गाडी आली!" काकी कुंपणाबाहेरून ओरडल्या.

"तू हो पुढे," काका म्हणाले. "हा मला सोडतोय कुठला!"

गाडी गेली. वळूने पाइपांवर डोकं घासलं, आणि काकांचा हात सवयीने बाहेर येऊन त्याचं कपाळ खाजवू लागला.