गोदूवरचा 'आयडल'चा चार्ज

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा माझं पोस्टिंग पनवेलला झालं. मी मूळची पनवेलचीच, त्यामुळे घरच्यांना वाटलं, मुलगी परत आली. मुलगी परत आली नव्हती. ती खाडीकडच्या कॅम्पात, बराकीत राहत होती आणि आईला भेटायलासुद्धा पास काढून जात होती.

सैन्याच्या महिला दलात मी कॉर्पोरल होते. ऑफिसात टायपिंग करायचं आणि इंग्रजी-मराठीत कुठे अडलं तर ते सोडवायचं, हे माझं काम. कॅम्पात सामानाचा डेपो होता आणि एक टेलिफोन एक्स्चेंज. एक्स्चेंजवर आमच्या मुली बसत. कॅम्पच्या मागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे मिठागरं.

आमच्या ओ.सी., म्हणजे तुकडीच्या प्रमुख, मिस बार्लो. हुद्दा कॅप्टनच्या बरोबरीचा, आम्ही मॅडम म्हणायचो. उंच, लाल गालांच्या, सतत चालत्या. जेवतानाही त्या बसलेल्या फारशा कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या हाताखाली सार्जंट दिघे, पुण्याच्या. ड्रिल त्या घेत.

ड्रिलमधला एक शब्द इथे सांगायला हवा, कारण सगळं त्यावरून झालं. मार्चिंगमध्ये हात खांद्याच्या उंचीला आला नाही की दिघे ओरडत, "आयडल! तिसरी लाइन, आयडल!" याचा अर्थ एवढाच की हात वर घे. रोज सकाळी सगळ्यांना मिळायचा. मलाही मिळे. कुणी मनाला लावून घेत नसे. पण तोच शब्द कागदावर आला की तो चार्ज, म्हणजे रीतसर आरोप होतो. मग ओ.सी.समोर टोपी काढून उभं राहावं लागतं.

गोदू म्हात्रे विचुंब्याची. वडील मिठागरावर. घरातून बाहेर पडून नोकरी करणारी त्यांच्या आळीतली ती पहिलीच मुलगी, आणि वडिलांनी होकार देताना स्पष्ट सांगितलं होतं, परत पाठवलं तर पुन्हा जायचं नाही. ती एक्स्चेंजवर होती. तिच्याइतका शांत आवाज मी फोनवर दुसरा ऐकला नाही. समोरचा मेजर कितीही भडकलेला असो, हिचं आपलं, "होल्ड ऑन सर. देते." इंग्रजी आणि मराठी एकाच दमात. मेजर होल्ड ऑन करत.

एका दुपारी अलार्मचा सराव झाला. भोंगा वाजला की प्रत्येकीने डबलने, म्हणजे पळत, आपल्या जागेवर जायचं. गोदू जेवणाच्या शेडमध्ये होती. मिस बार्लो मैदानात उभ्या होत्या.

"डबल!" मॅडम ओरडल्या.

सगळ्या पळाल्या. गोदू चालत होती. भरभर, पण चालत.

"म्हात्रे! ॲट द डबल!"

गोदूने मान हलवली आणि तशीच चालत एक्स्चेंजमध्ये गेली. मधल्या वेळात बोर्डवर कुणी नव्हतं. खरी हवाई धाड असती तर डेपोला फोन गेला नसता. संध्याकाळी चार्ज टाइप करायला माझ्याकडे आला: ड्यूटीवर असताना आयडल. दिघ्यांनी पुढे जोडलं होतं की मुलगी स्वभावानेच इंडोलंट आहे, दलातून कमी करावी.

इंडोलंट हा शब्द ऐकायला सभ्य आहे. शिवी वाटत नाही. म्हणूनच तो वाईट. आयडल म्हणजे त्या वेळी काम करत नव्हती. मिल बंद असली की यंत्रंही आयडल असतात, त्यात यंत्राचा अपमान नाही. इंडोलंट म्हणजे हिची घडणच तशी, सुधारायची नाही. मी टाइप केलं. हुकूम होता.

सकाळी ऑर्डरली रूम, म्हणजे ओ.सी.समोर चार्जची सुनावणी. गोदू बिनटोपीची उभी. साक्षीदार तीन, दुभाषी मी.

पहिली साक्ष झुबेदाची. पनवेल बाजारातली, गोदूबरोबर शिफ्ट करायची.

"थोडी सुस्त होती परवापासून. ताप होता ना तिला. बोलली नाही कुणाला."

मॅडमनी लिहिलं: लेझी.

दुसरी साक्ष स्वयंपाकघरातल्या शेवंताबाईंची. त्या ओवे गावच्या. हात पुसत आल्या आणि गोदूकडे बघून हसल्या.

"आलशी हाय, दुसरं काय! ताट उचलाय सांगा, बसून रानार. माज्या लेकीवानी हाय मेली."

मी भाषांतर केलं. मॅडमनी लिहिलं: लेझी.

मग सार्जंट दिघे. त्यांनी मराठीतच सांगितलं, गोदूला कळावं म्हणून. "ही मुलगी ऐदी आहे."

गोदू इतका वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होती. आता ती दिघ्यांकडे वळली.

"तसा नाय बोलायचा, सार्जंटबाय. आमच्या घरान कोन ऐदी नाय."

"सायलेन्स!" दिघे म्हणाल्या.

मॅडमनी लिहिलं: लेझी. पेन खाली ठेवलं. "तीन साक्षीदार, कॉर्पोरल. तिघीही एकच सांगतात."

"नो, मॅडम. तीन वेगळ्या गोष्टी सांगतात."

बोलायची परवानगी मी मागितली नव्हती. मॅडमनी भुवई वर केली, पण थांबवलं नाही.

मी सांगितलं. सुस्त हे माणसाचं वर्णन नाही, वेळेचं आहे. ताप आला की माणूस सुस्त, पोटभर जेवला की सुस्त, उद्या ठीक. तुमच्यात स्लगिश म्हणतात तसं. कुणी रागावत नाही. आळशी हा शब्द कोण कुणाला म्हणतं त्यावर आहे. आई मुलीला दिवसातून दहादा म्हणते, त्यात माया जास्त. परक्याने तोंडावर म्हटलं तर बोचतं. पाठीमागे, कागदावर लिहिलं तर बदनामी. आणि ऐदी म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर बसून खाणारा. तो शब्द मायेने म्हणताच येत नाही. कष्टाच्या घरात तो एका मुलीला लागत नाही, सगळ्या घराला लागतो.

"म्हणून ती बोलली?"

"येस, मॅडम."

मॅडमनी दिघ्यांकडे पाहिलं. "तुम्हाला तेच म्हणायचं होतं, सार्जंट? फुकट खाणारी?"

दिघे कडक, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "नो, मॅडम. काम ती करते. हलत नाही लवकर, एवढंच. आमच्याकडे रागात सरसकट म्हणतात."

मॅडमनी तिन्ही ओळी खोडल्या. मला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"ठीक. आळशी नाही, ताप होता तरी ड्यूटीवर आली. मग मी डबल म्हटल्यावर ती पळाली नाही, ते का? आयडल नसेल तर हा हुकूम मोडणं झालं. तो चार्ज याहून मोठा आहे, कॉर्पोरल."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. छोट्या खड्ड्यातून काढून मी तिला विहिरीजवळ नेलं होतं. शेवंताबाई दारातच थांबल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

"गोदू," मी म्हणाले, "पळाली का नाहीस?"

"मना वाटला मी पललीच."

"चालत होतीस तू."

"आमच्यान त्यालाच पलना बोलतान. आगरान बांधावर कोनी धावत नाय. बांध फुटतं. धावला की बाबा मारतं."

मी मॅडमना सांगितलं. मिठागरात जन्मलेलं पोर चालायला लागतं ते चिखलाच्या अरुंद बांधावर. पाय आपटला की बांधाची कड ढासळते, खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं, आणि पाऊल वाफ्यात पडलं तर तळाचा गाळ वर येऊन मीठ काळं होतं. घाई झाली की ती माणसं पाय जवळजवळ टाकतात, गुडघे न उचलता. घाई असते. दिसत नाही.

"मिठागरं मागेच आहेत," मॅडम म्हणाल्या. "चला."

कुंपणाच्या फाटकातून आम्ही गेलो. मॅडम, दिघे, मी, गोदू, आणि कुणी न बोलावलेल्या शेवंताबाई. आगरावर दोन माणसं फावड्याने मीठ ओढत होती. मॅडमनी समोरची झोपडी दाखवली.

"म्हात्रे, तिथपर्यंत. ॲट द डबल. माझ्याबरोबर."

गोदूने चपला काढल्या. मॅडमनी बूट काढले नाहीत.

दोघी दोन समांतर बांधांवरून निघाल्या. गोदू घसरल्यासारखी निघाली, डोक्यावर हंडा असता तर हलला नसता. मॅडम पळाल्या, लष्करी पद्धतीने, गुडघे वर.

"ओ बाय! पलू नुको!" फावडेवाला ओरडला. "बांध! बांध!"

बांध गेला. मॅडम गुडघ्यापर्यंत वाफ्यात. एक पाय काढायला गेल्या तर बूट आतच राहिला.

कुणी हसलं नाही. ओ.सी.ला हसायचं नसतं. मग मॅडम स्वतःच हसल्या, मोठ्याने, आणि शेवंताबाईंनी पदर तोंडात कोंबला. दिघे अटेंशनमध्ये होत्या, फक्त त्यांचे खांदे हलत होते. गोदू झोपडीपर्यंत जाऊन, वळून, परत आली होती. तिने हात देऊन मॅडमना ओढलं. फावडेवाला बांध बुजवत पुटपुटत होता. ते मी भाषांतरित केलं नाही.

निकाल तिथेच लागला. चार्ज रद्द. गोदूने रोज पी.टी.नंतर कडक जमिनीवर डबलचा सराव करायचा, दिघ्यांच्या देखरेखीखाली. भोंगा वाजला की कॅम्पात गुडघे वर, आगरात हवं तसं. आणि फुटलेला बांध दुरुस्त करायला ओ.सी. स्वतः जाईल. त्या गेल्याही.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी मला विचारलं, "रिपोर्टमध्ये स्वभावाचा रकाना भरायचा आहे. ईझी-गोइंग लिहू?"

"नको, मॅडम. वरचे लोक त्याला ढिली समजतील."

"स्लो?"

"तो तर मंद होईल. मंद म्हटलं की आमच्यात डोकं कमी."

"मग तुमच्यात चांगला शब्द आहे तरी का हळू माणसाला?"

"संथ. नदीला म्हणतात, चांगल्या वाचणाऱ्यालाही म्हणतात. त्यात दोष नाही."

त्यांनी थोडा विचार करून लिहिलं: स्टेडी. दिघ्यांनी सही केली आणि गोदूला जाऊन सांगितलं, "तो शब्द मी परत घेतला." गोदू म्हणाली, "जाऊ द्या, सार्जंटबाय. या, भाकरी खावा."

पुढे गोदू, दिघे, मी आणि मॅडम अशा आम्ही चौघी कधी कधी संध्याकाळी कुंपणाशी बसायचो. मॅडमना बसणं जमत नसे. घड्याळ बघत, उठत. पूर्वेकडे बदलीचा हुकूम आला तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्या आल्या आणि बसल्या. बूट काढून. वाफ्यांवर पाणी चमकत होतं. कितीतरी वेळ त्यांनी काहीच केलं नाही.

"कॉर्पोरल, आत्ता मी काय आहे? आयडल?"

उत्तर गोदूने दिलं.

"निवांत, मॅडम."

"तो अपमान आहे?"

"नाय. तो सगल्यांना नाय मिलत."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. 'त' त्यांच्या जिभेवर कडक व्हायचा.

पूर्वेकडे त्यांच्या तुकडीला घेऊन जाणारं विमान पोहोचलं नाही. सिग्नल आमच्याच एक्स्चेंजवर आला, बोर्डवर गोदू होती. तिने तो शेवटपर्यंत घेतला, परत वाचून खात्री केली, आणि मग मला हाक मारली.

आता गोदू तीन मुलांची आई आहे, थोरल्याचं लग्नही झालं. विचुंब्याला गेले की आम्ही आगराच्या कडेला बसतो आणि मॅडमची गोष्ट काढतो, चिखलातली, हसू आवरेपर्यंत. मग दोघी नुसत्या बसून राहतो. घरातून सून विचारते, तुम्ही दोघी तिथे काय करताय. गोदू सांगते, "मॅडमची ड्यूटी."