शिंपीमामांचा उघडा खांदा

शिंपीमामांनी आयुष्यभर लोकांच्या खांद्यांची मापं घेतली, पण स्वतःचा खांदा दुखायला लागला तेव्हा मात्र सदराच उसवला. अडुसष्टाव्या वर्षी एके सकाळी दोन्ही हात वर जाईनात. शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. मामांनी सदऱ्याच्या खांद्यावर शिवण उकलून बंद लावले. पुढे कंबर-मांड्या आखडल्या, तशी खुर्चीखाली ठोकळे घालून तिची उंची वाढवली. रोग वाढेल तसे कपडे सैल करायचे, असा सगळा कारभार.

सकाळी पलंगावरून उठून अंगात कपडे चढवायला दीड तास लागे. मामी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी फोन करी, तिला ते "झकास" म्हणत. हात गेले तर दुकान जाईल, आणि दुकान गेलं तर दारात कोण येणार, या धास्तीनं तोंडाला कुलूप होतं.

शेवटी एका गिऱ्हाइकाच्या पाठीमागं टेप नेता येईना. गिऱ्हाईक औषधविक्रेता होता. "मामा, वय झालं म्हणून दोन्ही खांदे एकदम नाही आखडत. माझ्याकडे गोळी आहे, पण देणार नाही. आधी दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी बंद सोडलेला सदरा पाहिला आणि विचारलं, "हे किती दिवस?"

"तीन महिने."

"डोकं, जबडा दुखतो? नजर अंधारते?"

"नाही."

"तसं कधी झालं तर त्याच दिवशी या, डोळ्यांना धोका असतो. आता आधी रक्त. सूज किती आहे, स्नायू झिजतायत का, थायरॉईड, साखर, सगळं बघू. आधीच स्टेरॉईड दिलं तर बरं वाटेल, पण कशानं दुखत होतं ते झाकून जाईल."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाही वर सारली, दंड धरला, "हलू नका हं," म्हणाल्या. किती महिन्यांनी कुणीतरी हात धरला होता, हे मामांना तिथं सुई टोचताना कळलं आणि डोळे भरले. बाईंना वाटलं, दुखलं.

सुजेचे आकडे चढलेले निघाले, बाकीचं ठीक. वय, दुखण्याची जागा आणि सकाळचं आखडणं जुळवून डॉक्टरीणबाईंनी कमी मात्रेची स्टेरॉईडची गोळी दिली. मनानं बंद करायची नाही, ही ताकीदही. तिसऱ्या सकाळी मामा एका दमात उठले. हात डोक्याच्या वर गेले. सातलाच तयार होऊन ते खुर्चीत बसले, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. पण गोळी हळूहळू कमी करायची, म्हणजे मधूनमधून रक्त द्यायला यावं लागेल. कंटाळा नाही ना येणार?"

"किती दिवस?" मामांनी विचारलं.

"वर्षभर तरी. कधी दोन वर्षंही लागतात."

मामांनी मान खाली घातली. आपण खूश झालोय, हे बाईंना दिसू नये म्हणून.